मी गाळलेली घरं

मी तालुका आरोग्य कार्यालयात आकडेवारीचं काम करतो. घरातला पहिला पदवीधर म्हणून माझा माझ्या आकड्यांवर फार भरवसा. गर्भवतींच्या तपासणीसाठी प्रत्येक गावाला महिन्यातून एक दिवस मिळायचा. कुठे जास्त दिवस द्यायचे का, हे माझ्या हिशोबावर ठरणार होतं.

मी घरं गरिबापासून सधनापर्यंत ओळीत लावून केंद्रीकरण निर्देशांक काढला. तपासण्या सधनांकडे झुकल्या तर तो शून्याच्या वर जातो, गरिबांकडे झुकल्या तर खाली. माझा शून्याजवळ आला. बैठकीत मी ऐटीत सांगितलं, "सगळ्यांना सारखं मिळून राह्यलं. बदलायची गरज नाही."

नाल्यापलीकडच्या टोल्यांची, म्हणजे वाड्यांची, नर्सबाई उठली. "भाऊ, माह्या टोल्यातले घरं कुठी हायेत यात?"

पाहणीचे फॉर्म अर्धवट म्हणून ती घरं मीच गाळली होती. "माहिती अपुरी होती, बाई."

"नाला भरला म्हणून तुमचा माणूस फॉर्म पुरे कराले आला नाई. मंग पोटुशी बाई तपासणीले कशी येईन? आन् तुमी म्हणता, सारखं!"

कोणीतरी हसलं. मी कागद चाळत बसलो.

आठवड्यात तिनं सगळे फॉर्म भरून आणले. ओळीचं गरीब टोक परत आलं आणि निर्देशांक चांगलाच वर चढला. बाकी सगळ्या गावांचा एक दिवस कायम राहिला; नाल्यापलीकडे मात्र अडचणीच्या मानानं कुठे दोन, कुठे चार झाले.

तिचे आभार मानताना माझी मान वर झाली नाही. मी जन्मलो ते घरही असंच नाल्यापलीकडचं. तेही मी गाळलंच असतं.