डाउनलोड केलेलं आपलं असतं

चूक माझी होती. भाचीची नव्हती, तिच्या फोनचीही नव्हती. हे एवढं वाक्य तोंडाबाहेर काढायला मला पूर्ण पावसाळा लागला, म्हणून आधी तेच लिहितो.

माझी धाकटी बहीण मुलचेऱ्याच्या पुढे एका खेड्यात राहते. धानाची शेती. तिची मुलगी बी.कॉम. झाली आणि उन्हाळ्यात भद्रावतीला आमच्या क्वार्टरवर राहायला आली. गोंडपिपरीकडच्या एका राईस मिलला हिशेब सांभाळायला माणूस हवा होता. मालकाने तिला सांगितलं होतं, संगणकावरच्या हिशेबाचं आणि जीएसटीचं सर्टिफिकेट घेऊन ये, नवा धान यायच्या आत ये, जागा तुझीच. जावयांनीही, म्हणजे तिच्या वडिलांनीही, कबूल केलं होतं, नोकरी लागली तर पोरगी तिथे खोली करून राहील. नाहीतर दिवाळीनंतर स्थळं बघायची.

तिने ऑनलाइन कोर्स शोधून ठेवला होता. एका संध्याकाळी तिने फोन माझ्यापुढे धरला.

"मामा, दोन रस्ते आहेत. हा कोर्स एकदाच विकत घेतला तर तो आपलाच राह्यते, तो साइटवर आहे तोपर्यंत कधीबी पाहा. नाईतर दर महिन्याचं सबस्क्रिप्शन. सर्टिफिकेट दोन्हीत भेटते."

"मग महिन्याचं घे. केवढं स्वस्त आहे."

"पण महिन्यात पूर्ण नाई होणार. घरी धानाचा रोवणा राह्यते. अन् गावात रेंज नाई."

तिची बाजू तिने एवढ्या सरळ मांडली होती. पण मी पडलो हिशेबी. मी हसलो आणि तिला माझी युक्ती सांगितली. इथे आपल्याकडे वायफाय आहे. एक महिन्याचं सबस्क्रिप्शन घे, सगळे व्हिडिओ डाउनलोड करून घे, गावाला जा आणि वर्षभर आरामात पाहा. पुढचा महिना भरायचाच नाही.

ही युक्ती माझ्या डोक्यात कुठून आली ते मला ठाऊक आहे. आमच्या तरुणपणी मोबाइलच्या दुकानात जाऊन मेमरी कार्ड भरून आणायचो. दोन-चार सिनेमे, शंभर गाणी. एकदा कार्डात आलं की ते आपलं. दुकान बंद पडलं तरी गाणं वाजायचंच. ज्या गावात रेंज पोचत नाही तिथला माणूस असाच विचार करतो: बाजाराच्या दिवशी भरून घ्यायचं आणि घरी जाऊन पाहायचं.

"असं चालते का, मामा?" तिने विचारलं.

"अगं, डाउनलोड केलं म्हणजे झालं की आपलं. तुझ्या मामाले शिकवून राह्यली का?"

तिने फोन खाली ठेवला. पैसे माझ्याच फोनवरून भरले आणि तिथल्या तिथे पुढच्या महिन्याचं आपोआप कापणं बंद केलं. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोरगी म्हणते ते तरी ऐकून घ्या." मी ऐकलं नाही. रात्रीच्या जेवणात मी ती युक्ती शेजाऱ्यालाही ऐकवली.

दोन दिवसांत भाचीने सगळे धडे उतरवून घेतले आणि बसने गावी गेली.

महिना सरला तेव्हा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, ऐन भरात होता. एका दुपारी तिचा फोन आला. तलावाच्या पाळीवर चढलं की त्यांना थोडी रेंज मिळते, तिथून बोलत होती. मागे वारा ऐकू येत होता.

"मामा, व्हिडिओ उघडून नाई राह्यले. सगळ्याले कुलूप दाखवते."

"तूच काही दाबलं असशील."

"मी काऊन दाबू? सरावाच्या फायली उघडतात, त्या मी फोनमध्ये वेगळ्या ठेवल्या होत्या. धडेच नाई उघडत."

तेव्हा मी थांबायला हवं होतं. तिने मला अर्धं उत्तर दिलंच होतं. पण मला अडलेलं कबूल करायची सवय नाही. मी म्हणालो, "ॲप काढून टाक अन् परत टाक. सगळे तसंच करतात."

तिने मामाचं ऐकलं.

ॲप काढल्याबरोबर त्याच्या आत ठेवलेले सगळे धडे पुसले गेले. तिने घरी बसून, रेंज नसताना पाहिलेल्या धड्यांच्या खुणाही साइटपर्यंत पोचल्या नव्हत्या, त्याही गेल्या. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. जेवणाच्या सुट्टीत त्या साइटचं मदतीचं पान उघडून बसलो. तिथे स्पष्ट लिहिलं होतं. सबस्क्रिप्शनवर उतरवलेले व्हिडिओ ॲपच्या आतच राहतात आणि सबस्क्रिप्शन चालू आहे तोवरच उघडतात. वेगळ्या दिलेल्या फायली तेवढ्या आपल्या फोनमध्ये उरतात. सर्टिफिकेट सगळे धडे आणि शेवटची परीक्षा पूर्ण केल्यावर, तेही सबस्क्रिप्शन चालू असतानाच. मी पैसे भरण्याआधी हे पान होतंच. मी ते उघडलं नव्हतं.

डबा तसाच बंद केला. मग जे केलं ते चुकीपेक्षा वाईट होतं. मी गुपचूप आणखी एक महिना भरला आणि तिला निरोप दिला, "आता सुरू झालं, पाहा." का बंद पडलं ते सांगितलं नाही. पण आता सगळं पुन्हा उतरवायला चांगल्या रेंजसाठी मुलचेऱ्याला जायला हवं होतं, आणि रोवण्यातून तिला कोण सोडणार? ती दोनदा गेली. एकदा नाल्याला पूर असल्याने अर्ध्या वाटेवरून परतली. दुसऱ्यांदा थोडे धडे मिळाले, तोवर महिना निघाला.

मधे जावयांचा फोन आला. "भाऊ, पोरीनं तो कोर्स पुसून टाकला म्हणते. तुमचे पैसे गेले वाया. ध्यानच नाई तिचं."

मी म्हणालो, "असू द्या. लहान आहे अजून."

हे वाक्य मी किती मोठेपणाने बोललो ते आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते. तिच्या डोक्यावर माझी चूक ठेवली आणि वर तिला क्षमा केली.

पोळ्याच्या सुमारास बहिणीने सांगितलं, मिलमालकाने नव्या धानाची वाट न पाहता दुसरा माणूस ठेवला. जावयांनी आल्लापल्लीकडच्या एका स्थळाला निरोप पाठवला होता. भाचीने काही म्हटलं का, विचारलं तर बहीण म्हणाली, "काय म्हणन? माह्याच हातानं झालं म्हणते."

ती स्वतःच तसं मानू लागली होती. मग मला राहवलं नाही. सुट्टी टाकली, चंद्रपूर, आष्टी अशा बसेस बदलत गेलो. पोचलो तेव्हा जावई ओसरीवर बसले होते, भाची पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"काऊन अचानक आले भाऊ?" जावयांनी विचारलं. "लग्नाची सुपारी फोडायले का?"

मी पाणी घेतलं नाही. भाचीला म्हटलं, "थांब बेटा, इथीच बस." ती दाराला टेकून उभी राहिली. बहीण चुलीपासून उठून आली.

मी जावयांकडे पाहून बोललो, कारण ते त्यांच्यापुढेच बोलायला हवं होतं. "कोर्स पोरीनं नाई पुसला. ती पहिल्या दिवशीच म्हणत होती, एकदाच विकत घेऊ, महिन्यात होणार नाई. मी तिले चूप बसवलं. कुलूप लागलं ते माह्या सल्ल्यानं. ॲप काढ म्हणून मीच सांगतलं. मले दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, तरी तुम्ही तिले बोलत होते तेव्हा मी ऐकत राह्यलो. तिची जागा माह्यामुळे गेली."

जावयांनी मान खाली घातली. मी भाचीकडे वळलो. तिच्या चेहऱ्यावर राग होता आणि तो मला पाहिजेच होता.

"तुझं बरोबर होतं, बेटा," मी म्हणालो. "मी चुकलो. अन् चुकल्यावर लपलो. मले माफ कर."