पन्नाशीचा ओदेलू

कनकव्वाच्या दिराचं थोबाड मी स्टुडिओत नुसत्या कामापुरतं कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडलं होतं, तरी घरी जाऊन आंघोळ करावीशी वाटली. जगत्यालमध्ये राजागौडला ओळखत नाही असा माणूस नाही. धाकटा भाऊ ओदेलू ताडी काढताना ताडावरून पडून मेला, आणि बाराव्याचं जेवण पचायच्या आत यानं तान्ह्या पोरीसकट भावजयीला घराबाहेर काढलं. तेव्हापासून कनकव्वा बिड्या वळते. तिच्या बोटांचा तंबाखूचा वास साबणानंही जात नाही.

आता त्या पोरीचं, स्रवंतीचं, लग्न ठरलं. आमच्याकडे तेलंगणात अशा वेळी मेलेल्या बापाला फोटोत म्हातारा करून आईशेजारी बसवतात. स्टुडिओचं अर्धं पोट त्यावरच भरतं. ओदेलूचा एकच फोटो होता, सव्विशीतला. घरातले पुरुष कसे पिकतात ते बघायला मी एखाद्या वडीलधाऱ्याचा फोटो मागितला. स्रवंतीनं आईला न सांगता काकाचा आणून दिला.

ओदेलूला पन्नाशीचा करताना मी डोळ्यांमधलं अंतर, हाडं यांना हात लावला नाही. केस मागे सारले, पापण्या उतरवल्या, गाल खाली ओढले, ओठ पातळ केले, नाक-कान जरा लांबवले.

कनकव्वानं पडद्याकडे पाहिलं आणि दाराबाहेर जाऊन पचकन थुंकली.

"हा मेला इथं कशाला?"

"अव्वा, हा बाबा आहे," स्रवंती आईला म्हणाली.

"बाबा? मला शिकवतेस?"

काय घडलं ते मला कळलं. काकाच्या डोळ्यांखालच्या पिशव्या आणि गळ्याखाली लोंबणारी कातडी मी जशीच्या तशी उचलली होती. ती काढली. ताडावर चढणारा माणूस उन्हात वर बघून बघून डोळे बारीक करतो, म्हणून डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या दिल्या, अंग सुकं ठेवलं. तरी राजागौड काही हटेना. शेवटी सख्खे भाऊच ते.

"जगला असता तर असाच दिसला असता?" कनकव्वानं विचारलं.

"साधारण असाच, अक्का."

ती पडद्याजवळ वाकली. मग आवाज उतरवून म्हणाली, "अन् वागला असता पण असाच?"

मी राजागौडचा फोटो बंद केला.

"पूस ते," ती म्हणाली. "जुन्या फोटोत आहे तसाच लाव माझ्याशेजारी."

स्रवंती रडायला लागली. "अव्वा, लोक हसतील. तुझा पोरगा वाटेल तो! माझ्याएवढा दिसतोय माझा बाप!"

"दिसू दे. पितरांच्या अमावास्येला या फोटोपुढे मटणाचं ताट मला वाढायचंय, तुला नाही. त्या थोबाडाला मी आयुष्यभर जेवू घालू?"

मी म्हातारा ओदेलू पुसून टाकला. कनकव्वा कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीवर बसली, केस सारखे केले आणि म्हणाली, "मला मात्र आहे तेवढी म्हातारी ठेव."