नऊ बाटल्या

माझ्या मुलीला टायफॉइड झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि वजन अठरा किलो. हा अठराचा आकडा मी अजून विसरलेले नाही. ज्याने तो आकडा चुकीच्या ठिकाणी वापरला त्यालाही विसरलेले नाही, आणि माफ तर अजिबात केलेलं नाही. लोक म्हणतात, काळ गेला की राग निवतो. माझा राग फ्रीजमध्ये ठेवलेल्या औषधासारखा आहे. चांगला टिकतो.

आम्ही तेव्हा दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. मी केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरीला. संसदेचं अधिवेशन चालू होतं, त्यामुळे मी सकाळी आठला बाहेर पडायचे आणि घरी यायचे तेव्हा मुलगी झोपलेली असायची. नवरा आयटीतला, घरून काम करणारा. औषध पाजण्याचं काम त्याच्याकडे होतं. त्याने ते मन लावून केलं. तक्रार एवढीच, की तो मनापासून दुसऱ्याच माणसाचं ऐकत होता.

बाजारापलीकडच्या दवाखान्यातले मुलांचे डॉक्टर म्हातारे आणि कमी बोलणारे. तिला आठवडाभर ताप होता, एकशे तीनपर्यंत जाणारा. त्यांनी आधी रक्त कल्चरला पाठवलं, मग तिला काट्यावर उभं केलं आणि चिठ्ठी लिहिली: सेफिक्साइम, किलोला दिवसाला वीस मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला तीनशे साठ, दोन वेळांत वाटून. पाच मिलीत शंभर मिलिग्रॅम असलेलं सिरप सकाळी नऊ मिली, रात्री नऊ मिली. चौदा दिवस. ताप उतरायला चार-पाच दिवस लागतील, कधी आठवडाही, घाबरू नका, आणि ताप उतरला म्हणून बंद करू नका. पुढच्या वेळी सगळ्या बाटल्या घेऊन या, रिकाम्यासुद्धा. ही त्यांची पद्धत होती. मला ती तेव्हा म्हातारपणाची लहर वाटली.

तीस मिलीची एक बाटली दीड-दोन दिवसांत संपते. म्हणून केमिस्टने एकदमच नऊ खोकी दिली. नवऱ्याने ती टीव्हीखाली ओळीने मांडली आणि तिसऱ्या दिवशी भाऊजी जेवायला आले.

भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. राज्याच्या आरोग्य खात्यात मोठ्या खुर्चीवर. डॉक्टर नव्हेत, डॉक्टरांच्या बदल्या करणारे. कामानिमित्त आठवडाभर दिल्लीत आले होते, कोपर्निकस मार्गावरच्या राज्याच्या सदनात उतरले होते. मागून बॅग धरलेला पीए. मी ऑफिसात होते. पुढचं सगळं नवऱ्याकडून काढून घेतलेलं आहे, एका वेळी एक वाक्य.

"नऊ बाटल्या?" भाऊजी म्हणाले. "एका पोरीला? अरे, एक बाटली म्हणजे एक कोर्स!"

"दादा, डॉक्टरांनी लिहिलंय तसं."

"दिल्लीचे डॉक्टर! चष्मा दे." मग त्यांनी खोक्यातला कागद उलगडला, फाइल वाचावी तसा वाचला आणि बोट ठेवलं. "हे बघ. मुलांना किलोला आठ मिलिग्रॅम. आठ! हा माणूस वीस देतोय. अँटिबायोटिकच्या गैरवापरावरच्या समितीवर मी स्वतः आहे, मला सांगू नकोस." खिशातून पेन निघालं. अठरा गुणिले आठ, एकशे चव्वेचाळीस, भागिले दोन. "साडेतीन मिली दोन वेळा. पुरे. आणि तिला सांगू नकोस, उगाच आरडाओरडा करेल."

तिला, म्हणजे मला.

नवऱ्याने सांगितलं नाही. तिसऱ्या दिवसापासून साडेतीन मिली. मी रोज रात्री तिच्या कपाळावर हात ठेवायचे, कपाळ तापलेलं असायचं आणि मी स्वतःला समजावायचे, उतरेल, वेळ लागतो म्हणालेत. सातव्या दिवशीही ताप एकशे तीन. पोट थोडं फुगलेलं. ती अंथरुणात पडून भिंतीकडे बघायची, हट्टसुद्धा करायची नाही. मी रजा टाकली. वर काय शेरा मारतात ते मारू दे म्हटलं. बाटल्या पिशवीत भरून दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी पोट तपासलं, जीभ बघितली. मग पिशवी टेबलावर रिकामी केली. दोन रिकाम्या, तिसरी अर्ध्याहून जास्त भरलेली, सहा न उघडलेल्या. कल्चरमध्ये टायफॉइडचाच जंतू निघाला होता आणि हे औषध त्याला लागू पडत होतं.

"आज पाँचवीं खुलनी चाहिए थी," ते म्हणाले. "बाकी दवा किसने पी?"

नवरा माझ्याकडे न बघता बोलला. सगळं. डॉक्टर रागावले नाहीत. "गले का इन्फेक्शन हो तो आठ," ते म्हणाले, "टायफॉइड हो तो बीस. कागज़ दोनों में वही रहता है." आतड्याला व्रण असतात, आजार लांबला की रक्तस्राव होऊ शकतो, आतडं फुटूही शकतं, हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. ती पाणी पीत होती, उलट्या नव्हत्या, पोट मऊ होतं, म्हणून घरी ठेवायला ते तयार झाले: पूर्ण डोस, चौदा दिवस आजपासून मोजायचे, दोन दिवसांनी दाखवायचं, पोट दुखलं, शौचातून रक्त गेलं किंवा उलट्या झाल्या तर त्याच क्षणी भरती आणि शिरेतून इंजेक्शन.

मी तिथूनच भाऊजींना फोन केला. अगदी गोड आवाजात. "भाऊजी, डॉक्टरांना तुमच्याशी बोलायचंय. तुमच्या अनुभवाचा उपयोग होईल म्हणतात."

पाऊण तासात सरकारी गाडी आली. डॉक्टरांना खरं तर त्यांच्याशी काही बोलायचं नव्हतं, पण मी विनंती केली आणि त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. दवाखान्यात सात-आठ आया, मांडीवर पोरं. भाऊजी आत आले, पीए मागे.

"आप डॉक्टर हैं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मैं स्वास्थ्य विभाग में..."

"डॉक्टर हैं?"

"प्रशासन में."

"अच्छा. बच्ची को काँटे पर खड़ा कीजिए."

भाऊजींनी तिला उभं केलं. ती उभी राहीना, त्यांच्या पायाला टेकली. काटा सतरावर थांबला. "ज़ोर से पढ़िए," डॉक्टर म्हणाले. भाऊजींनी वाचलं. एक किलो कुठे गेला, हे कुणी विचारलं नाही. सगळ्या आया बघत होत्या.

"मग दुसरं द्या ना, ॲझिथ्रोमायसिन," भाऊजी मराठीतच बोलून गेले, मग हिंदीत म्हणाले, "मैं गले के लिए तीन दिन लेता हूँ."

"वो भी वज़न से चलती है. टायफॉइड में सात दिन, तीन नहीं. और अभी उसकी ज़रूरत नहीं." मग केसपेपर पुढे सरकवला. "डोस आपने कम किया, यहाँ लिख दीजिए. तारीख के साथ."

भाऊजींनी पेन काढलं. परत ठेवलं. "मी फक्त सुचवलं होतं," ते मला म्हणाले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी फक्त सुचवलंच असावं. मग डॉक्टरांनीच ती ओळ स्वतःच्या हाताने लिहिली, भाऊजींच्या नावासह आणि तारखेसह. मी त्या ओळीचा फोटो काढला.

त्या दिवसापासून औषध मी पाजलं. अधिवेशन गेलं खड्ड्यात. दर वेळी नऊ मिली भरलेल्या सिरिंजचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, जिथे भाऊजी रोज सकाळी आरोग्यसल्ला देत असत: "पूर्ण डोस. दिवस पहिला, सकाळ. मा. भाऊजींच्या माहितीसाठी सविनय सादर." मग रात्रीचा. मग दुसरा दिवस. आरोग्यसल्ला बंद पडला. चौथ्या दिवशी ताप शंभरला आला, पाचव्याला गेला, आणि तिने भात मागितला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि बाहेर येऊन फोटो टाकला.

आठव्या दिवशी भाऊजींचा फोन आला. "आता ताप नाही ना? मग बंद करायला हरकत नाही. आणि ते फोटोही."

"दोन्ही चौदा दिवस चालतात, भाऊजी," मी म्हटलं. "मध्ये सोडलं की उलटतं."

अठ्ठावीस फोटो टाकले. केसपेपरचा एकोणतिसावा मी टाकला नाही. तो फोनमध्ये आहे, आणि तो आहे हे भाऊजींना माहीत आहे. त्यानंतर ते घरी आले की औषधांच्या दिशेने बघतही नाहीत, आणि मी त्यांना चहा विचारते, साखर किती चमचे तेही, दर वेळी अगदी अचूक.