कणी धरेना

डेअरीच्या मागच्या खोलीत लोणी कढवायचं काम मामींचं. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची आणि पुढे गल्ल्यावर बसणाऱ्या त्यांच्या नवऱ्याला मामा.

मामी कढईशी उभ्या राहून ऐकायच्या. लोणी तडतडतंय म्हणजे त्यात अजून पाणी आहे, आणि पाणी आहे तोवर ते फार तापत नाही. तडतड मंदावली की पाणी सरलं. मग मात्र ते झपाट्याने तापतं, तळाची बेरी, म्हणजे दुधातली प्रथिनं आणि साखर, मिळून तांबूस होते आणि खमंग वास सुटतो. तेवढ्यात मामी कढई उतरवायच्या.

वर्षभर त्या विसरत चालल्या होत्या. चहात मीठ पडायचं, सुनेला "तू कोण गं?" विचारायच्या. पण तूप बिघडत नव्हतं. मामांनी तेवढाच आधार धरला होता.

मग बेकरीवाला डबा घेऊन आला. "मामा, हे तूप की मलम? कणीच नाही."

मामा मागे गेले. गाळलेलं कोमट तूप मामी पळीने ढवळत बसल्या होत्या.

"अगं, हलवू नकोस!"

"मला शिकवताय? हळूहळू निवू दिलं की त्यातला घट्ट भाग आधी गोठतो, त्याची कणी मोठी होत जाते. ढवळलं की बारीक कण होऊन तूप गुळगुळीत बसतं. हे तुम्हाला सांगितलं कोणी? मीच ना?"

हे सांगताना पळी फिरतच होती.

मामांनी पळी हातातून घेतली. डबे उंच फळीवर ठेवले. मामी स्टूल ओढून त्यावर चढल्या आणि ढवळून उतरल्या. मामा ओरडले, मग त्यांचीच त्यांना लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात दुकानात धूर आला. कढई गप्प होती, बेरी काळीठिक्कर. मामी कान देऊन शेजारीच उभ्या.

"अजून तडतडायला लागलं नाही हो," त्या म्हणाल्या.

मामांनी गॅस बंद केला. तडतड केव्हाच होऊन गेली होती.

तेव्हापासून मामाच कढवू लागले. मागच्या खोलीला कडी बसली. मामी दाराबाहेर बसायच्या, मधूनच कडी वाजवायच्या. आशा ठेवावी असं डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं.

एकदा मामांच्या हातून तूप छान रवाळ बसलं. त्यांनी चमचाभर मामींना भरवलं.

"साखर घातलीय का?"

"नाही गं."

"मग जिभेला खरखरतंय काय?"

मामांनी सगळं सांगितलं: सावकाश निवणं, कणी धरणं, हात न लावणं. मामी नव्या गिऱ्हाइकासारख्या मान डोलावत ऐकत राहिल्या.

"बरीच माहिती आहे तुम्हाला," त्या अदबीने म्हणाल्या.

मामांनी त्यांचे ओठ पुसले आणि आत जाऊन दुसरी कढई चढवली.