पार्सलवरची किंमत

आमच्या शिरड शहापूरच्या जनकाकाकू अंगणवाडीत तीस वर्षं राबल्या. पोरगा प्रमोद जर्मनीत. त्याचं पार्सल आलं की टपालातून घरी नेताना काकू किमतीचा कागद मुद्दाम वर ठेवायच्या, सगळ्या गल्लीनं वाचावा म्हणून.

यंदा गरम कोट आला, पण पोस्टमननं आधी कस्टम ड्युटी मागितली. काकूंचं डोकं फिरलं. पार्सल टपालातच ठेवायला लावून त्या माझ्याकडं आल्या. "लिही मुंबईच्या कस्टमला! एका कोटाची तीस हजार किंमत धरता व्हय?" मीही चांगलं झणझणीत लिहिलं.

उत्तर आलं: ही किंमत पाठवणाऱ्यानेच फॉर्मवर लिहिली आहे. कमी असेल तर खरेदीचं बिल पाठवा.

काकूंनी माझ्यासमोरच फोन लावला. "बिल धाड."

प्रमोदनं आधी टाळाटाळ केली. मग म्हणाला, "आई, तू तो कागद समद्यांना दाखवतीस. म्हणून मीच वाढवून लिहितो."

बिलाचा फोटो आला. वापरलेल्या कपड्यांचं दुकान. कोट आपल्या पैशात जेमतेम अठराशेचा.

काकूंनी मान वर केली नाही. बिल जोडून आम्ही पुन्हा अर्ज धाडला. ड्युटी उतरली, पार्सल सुटलं. काकूंनी ते पदराखाली झाकून घरी आणलं आणि परत फोन लावला.

"लेकरा, तिकडं लई थंडी असते म्हणं. तुला कोट हाय का?"

"हाय की."

"नवा?"

"तुला त्यो बसला का, ते सांग आधी." पुन्हा विचारायची काकूंची छाती झाली नाही.