दाव्यातली खोली

नलू आगासकर आयुष्यात एकदाच भांडली, आणि तेही सख्ख्या भावाशी, कोर्टात. त्याआधीची सगळी वर्षं तिने इतरांची सोय बघण्यात घालवली. दादरच्या सासरी दोन खोल्या. आधी त्यात सासू-सासरे, मग मुलगा-सून, आता नातू. नवरा गेल्यावर बाईचं अंथरूण हॉलमध्ये आलं, आणि घरातल्या शेवटच्या माणसाचा टीव्ही बघून झाल्याशिवाय ते पडायचं नाही. कारकुनी करून निवृत्त झालेल्या नलूला एकच हौस राहिली होती. आतून कडी घालता येईल असं स्वतःचं दार.

ते दार गिरगावात होतं. चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत वडिलांच्या नावावर तिसऱ्या मजल्यावर एक मालकीची खोली होती. आई-वडिलांची शेवटची आजारपणं नलूनेच काढली ती तिथे. शिवाय चौलला नारळी-सुपारीची वाडी, आणि वाडीतल्या घरात थोरली विधवा बहीण, मनूताई. तिचं पोट त्या माडांवर. वडील गेले आणि सातबाऱ्यावर धाकट्या भावाचं, चिंतामणीचं, एकट्याचं नाव लागलं. बहिणींना कुणी विचारलं नाही, बहिणींनीही विचारलं नाही. आमच्याकडे यालाच माया म्हणतात.

पुढे बंगले बांधणारा एक जण वाडी बघून गेला. मनूताईचा फोन आला, "नलू, माणसं माडांना खडूने खुणा करतायत गं." तोडायच्या झाडांना करतात त्या खुणा. आठवडाभरात तिने वाटणीचा दावा लावला. मनूताई भावावर दावा लावायला कचरत होती, म्हणून तिलाही प्रतिवादी केलं. तिघांत तिसरा हिस्सा, मिळकती दोन: गिरगावची खोली आणि चौलची वाडी. फोर्टातल्या सिटी सिव्हिल कोर्टाने पहिल्याच तारखांत 'जैसे थे'चा हुकूम दिला. विक्री अडली, माड वाचले.

चिंतामणी काही दूधखुळा नव्हता. त्याने आधी रकमेवरून हरकत घेतली. वाडीच बारा कोटींची आहे, या कोर्टाची मर्यादा दहा कोटी, तेव्हा दावा हायकोर्टातच जायला हवा. घरी हाच चिंतामणी म्हणायचा, "वाडीत आहे काय, चार माड!" पण वाटणीच्या दाव्यात मागणाऱ्याच्या हिश्श्याची किंमत धरतात, आणि नलूचा तिसरा हिस्सा, खोलीतला वाटा मिळवूनही, दहा कोटींच्या पुष्कळ आत बसत होता. हरकत फेटाळली गेली. मग चिंतामणी अचानक गोड झाला.

तारखेच्या आदल्या दिवशी त्याने नलूला गिरगावात बोलावलं. खोली झाडून ठेवलेली, खिडकीला नवे पडदे. तिच्या हातात किल्ली ठेवून तो म्हणाला, "ताई, ही खोली तुझीच. हक्कसोडपत्र मी करून देतो, मनूताईही सही देईल. आईचं तू केलंस, मला काय दिसत नाही? फक्त ही दाव्यातून वगळ. आपल्यातली गोष्ट कोर्टात कशाला? वाडीचं आपण निवांत बघू. आणि वकिलीणबाईंना उद्याच सांग, नाहीतर उगाच फाटे फोडतील."

नलू रडली. भाऊ परत मिळाला असं वाटून रडली, आणि खोली मिळाली म्हणूनही. त्याने लिहून आणलेल्या, खोली वगळण्याच्या अर्जावर तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या गजबजलेल्या व्हरांड्यात तिने तो कागद क्षितिजाच्या हातात दिला. क्षितिजा तिची वकील, मुलीच्या वयाची. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"काकू, हे दाखल नाही ना केलं अजून?"

"आज करायचंय. का गं?"

"आपला दावा मुंबईत कशामुळे चालतोय माहितेय? या खोलीमुळे. जमीन जिथे, दावा तिथे, असा नियम आहे. मिळकती दोन ठिकाणी असल्या तर कुठल्याही एका ठिकाणच्या कोर्टात सगळ्यांचा दावा चालतो. खोली मुंबईत, म्हणून वाडीही इथे आणता आली. खोली काढली की उरली फक्त चौलची जमीन. ती अलिबागच्या कोर्टाची. त्यांचे वकील लगेच अर्ज देतील, दावा परत करा म्हणून. दावा परत झाला की 'जैसे थे' गेलं. अलिबागला नव्याने दावा मांडून हुकूम मिळेपर्यंत मध्ये किती दिवस जातील, सांगता येत नाही. खरेदीखताला एक सकाळ पुरते."

"माझा भाऊ आहे तो," नलू तडकून म्हणाली. "तुला सगळीकडे कावाच दिसतो!"

क्षितिजा रागावली नाही. "मग त्यांनाच विचारा. खोली द्यायचीच आहे ना? याच दाव्यात खोलीपुरता तडजोडीचा हुकूमनामा करू. खोली तुमची होईल आणि वाडीचा दावा इथेच चालू राहील. वगळायचं काही कारणच नाही. लवकर ठरवा, आपला नंबर आलाच."

नलू व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला निघाली.  भाऊ 'हो' म्हणू दे, एवढंच ती मनात घोकत होती.

"चिंतू, खोली दे मला. पण कोर्टाच्या हुकूमनाम्यात दे. दाव्यातून नको काढायला."

चिंतामणीने आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकिलाने किंचित मान हलवली. नाही.

"ताई, तुला खोली हवी की भांडण?"

"खोलीच मागतेय रे. ती इथे लिहून दिलीस तर तुझं काय जातं?"

 तो हळू आवाजात म्हणाला, "ते नाही जमणार. वगळलीस तर आज तुझी. नाहीतर विसर."

आत पुकारा झाला. नलूच्या पर्समध्ये किल्ली होती आणि क्षितिजाच्या हातात सही केलेला अर्ज. क्षण दोन क्षण नलूला खरंच वाटलं, देऊन टाकावा अर्ज. मनूताई येईल की गिरगावात राहायला. पण माडांवर जगलेली मनूताई तिसऱ्या मजल्यावर काय करणार, आणि खडूच्या खुणा पुसायला कोण जाणार? तिला स्वतःचीच लाज वाटली.

"तडजोड आहे म्हणे?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

क्षितिजाने नलूकडे पाहिलं.

"नाही, मॅडम," नलूच म्हणाली. "खोली दाव्यातच राहू दे."

'जैसे थे' पुढच्या तारखेपर्यंत कायम झालं. बाहेर आल्यावर नलूने किल्ली काढून चिंतामणीपुढे धरली. त्याने ती घेतली, पण तिच्याकडे बघितलं नाही.

फाटकाबाहेर येते तोच मनूताईचा फोन आला. खोलीची बातमी तिला चिंतामणीने कालच दिली होती, कसली अट आहे ते तेवढं सोडून.

"झालं का गं? कसली सही हवीय ती मी देते हो. घे तू खोली, सगळा जन्म दुसऱ्यांच्या घरात काढलास. गृहप्रवेशाला म्हणून मी असोला नारळ बाजूला काढलाय, न सोललेला, आपल्या विहिरीजवळच्या माडाचा."



"असोला आहे ना, मनूताई?" नलू म्हणाली. "मग टिकेल. ठेव तिथेच."