टी लावायचा की ईडी

धुळ्याच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. साठचं दशक सरत आलं होतं. नोकरी नवी, साड्या नव्या, आणि आपल्याला इंग्रजीतलं सगळं येतं ही खात्रीही नवीच. पहिल्या दोन महिन्यांतच माझं आणि मुख्याध्यापिकांचं वाजलं, तेही एका अक्षरावरून.

मुख्याध्यापिकांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या मूळच्या पुण्याकडच्या. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज कधीच वर नाही. आठवीच्या वह्या तपासताना मी एका मुलीच्या learnt वर बरोबरची खूण केली होती. ती वही त्यांच्या हातात पडली. त्यांनी मला बोलावून सांगितलं की आपल्या शाळेत learned, spelled, dreamed असंच लिहायचं, शेवटी ईडी. मी म्हटलं, दोन्ही रूपं बरोबर आहेत, शब्दकोशात दोन्ही दिलीत, आणि आमचे कॉलेजातले सर तर टीवालीच वापरायचे. त्या म्हणाल्या, "दोन्ही बरोबर आहेत हे मलाही ठाऊक आहे. पण घरात पहिल्यांदा इंग्रजी शिकणाऱ्या मुलीला दोन वाटा दाखवल्या तर ती दोन्हीच्या मधून जाते. परवाच एकीनं learnted लिहिलं."

मी मनातल्या मनात चिडून घेतलं. learnt हा शब्द मला फार आवडायचा. कसा चटकन संपतो. dreamt तर त्याहून सुरेख. लिहायचं ड्रीमसारखं आणि म्हणायचं ड्रेम्ट. ती गंमत सोडून dreamed लिहायचं म्हणजे मला जिवावर यायचं. पण नोकरी नवी होती. मी मुकाट्यानं ईडी लावू लागले.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला जळगावचे एक नामांकित वकील पाहुणे म्हणून येणार होते. त्यांच्या सन्मानार्थ शाळेच्या वार्षिक अंकात इंग्रजी विभाग दुप्पट करायचं ठरलं, आणि तो छापून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. छापखाना शाळेमागच्या गल्लीत होता. एक ट्रेडल मशीन, भिंतीला खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, लाकडी केसा, आणि त्यांच्यासमोर दिवसभर उभे असणारे एक कंपोझिटर. साठीचे, अंगात बंडी, कानावर पेन्सिल. त्यांना सगळे नाना म्हणत, मीही म्हणू लागले. नानांना इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी अक्षरं त्यांना उलटीसुद्धा माझ्यापेक्षा लवकर वाचता येत. एकेक खिळा उचलून ते हातातल्या स्टिकमध्ये असा लावत की बघत राहावं.

अडचण अशी होती की त्या छापखान्यात इंग्रजी म्हणजे लग्नपत्रिकेवरची दोन नावं आणि बिलबुकाचा मथळा. तेवढ्यापुरताच टाइप त्यांनी ठेवलेला. आमची पहिली चार पानं जुळून फर्म्याच्या लोखंडी चौकटीत आवळली गेली होती, पण त्यांतला पाहुण्यांच्या फोटोचा ब्लॉक नाशिकहून यायचा होता. तो येईपर्यंत पानं छापता येईनात, आणि छापल्याशिवाय खिळे सोडवता येईनात. संमेलनाला चार दिवस राहिले असताना मी दुपारच्या सुट्टीत छापखान्यात गेले, तर नाना रिकामा खण बोटानं चाचपत उभे.

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "ई सरी गयात. बठ्ठा."

इंग्रजीत सगळ्यात जास्त लागणारं अक्षर ते, आणि तेच संपलं. अजून पाहुण्यांच्या स्वागताचा मजकूर पूर्ण जुळायचा होता. नानांनी दुसऱ्या मापाचा ई लावून दाखवला. तो लहान मुलींच्या रांगेत एखादी मावशी उभी राहावी तसा दिसत होता. मी हसले, तेही हसले. मग मी जुळलेली पानं वाचत बसले, कुठे एखादं वाक्य गाळता येतं का म्हणून.

त्यात दहावीच्या एका हुशार मुलीचा निबंध होता, आपण इंग्रजी कसं शिकलो यावर. तिनं काय काय learned केलं, काय काय spelled केलं आणि रात्री इंग्रजीत काय dreamed केलं, याची नुसती रेलचेल होती. ते वाचता वाचता माझ्या डोक्यात असा काही उजेड पडला की मी स्टुलावरून उठलेच. learned मध्ये दोन ई, learnt मध्ये एक. spelled मध्ये दोन, spelt मध्ये एक. dreamed, dreamt, तेच. दर शब्दामागे एक ई मोकळा! आणि व्याकरणही शाबूत!

नानांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे, आणि चिमटा उचलला. पुढचा पाऊण तास आम्ही दोघं अक्षरशः शिकारीला निघाल्यासारखे वागलो. मी शब्द दाखवायची, नाना ई आणि डी उपटून तिथं टी बसवायचे आणि ओळ ढिली पडू नये म्हणून शब्दांमध्ये बारीक पट्ट्या सारायचे. spelled तर दोन घरं आखूड व्हायचा, कारण त्यातला एक एलही जायचा. सुटलेला प्रत्येक ई ते मोठ्यानं मोजत खणात टाकत. burned सापडला, त्याचा burnt केला. मग नानांना चव लागली. त्यांनी walked पुढे केला. मी नाही म्हटलं. helped? नाही. wanted? अजिबात नाही. "कितलीक भाग्यवान शेतस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, थोडेच शब्द आहेत ज्यांना ही सवलत आहे, बाकीच्यांना ईडीच. त्यांना ते अन्यायाचं वाटलं.

शाळेची घंटा झाली. मी पदर खोचून धावत सुटताना दारातून ओरडून सांगितलं की राहिलेल्या मजकुरात हे चार शब्द जिथं जिथं दिसतील तिथं टीच लावा. वर्गात जाईपर्यंत मला हसू आवरत नव्हतं. मोठ्या बाईंशी न भांडता मी जिंकले होते, आणि दोष द्यायचाच तर तो टाइपाच्या केसेला.

ब्लॉक संमेलनाच्या आदल्या दिवशी आला. स्वागताच्या पानाचं प्रूफ पाहायला वेळच उरला नाही. संमेलनाच्या दुपारी अंकाचे गठ्ठे ओल्या शाईच्या वासासकट थेट मंडपात आले.

पाहुण्यांना हार घातला जात होता तेव्हा मी व्यासपीठाच्या बाजूला उभी राहून अंक उघडला. स्वागत खुद्द मोठ्या बाईंनी लिहिलं होतं. त्यात वकीलसाहेबांचा our learned guest असा उल्लेख होता, पुढे a learned lawyer, आणि शेवटी पुन्हा एकदा. म्हणजे मूळ कागदावर होता. छापील अंकात तिन्ही ठिकाणी learnt होतं.

नानांनी माझं सांगणं तंतोतंत पाळलं होतं. त्यांना कसं कळणार की हा learned वेगळा, विद्वान या अर्थाचा, म्हणताना लर्नेड असा दोन तुकड्यांत म्हणायचा, आणि त्याला टी कधीच लागत नाही? learnt म्हणजे शिकून झालेला. धडा learnt असतो. आमचे पाहुणे आता पाठ झालेले पाहुणे होते.

मला घाम फुटायला हवा होता. त्याऐवजी पोटातून हसू उसळलं. शेजारच्या शिवणाच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं, मी बोट ठेवून सांगितलं, आणि मग आम्ही दोघीही तोंडात पदर कोंबून मंडपाच्या कापडामागे गेलो. बाहेर आले तेव्हा वकीलसाहेब चष्मा लावून नेमकं तेच पान वाचत होते, आणि मोठ्या बाई त्यांच्या खांद्यावरून.

भाषणाला उठल्यावर त्यांनी अंक हातातच ठेवला. मराठीत म्हणाले, "कोर्टात समोरचा वकील मला रोज लर्नेड म्हणतो, आणि लगेच माझं म्हणणं कसं चूक आहे ते सांगतो. learnt मला आज पहिल्यांदा कोणी म्हटलं. म्हणजे मी तुम्हाला पाठ झालो. मुलींनो, पाठ झालेलं परीक्षेनंतर विसरतात. माझ्या बाबतीत तेवढं करू नका." निम्म्या मंडपाला विनोद कळला नाही, तरी सगळा मंडप हसला. मोठ्या बाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांच्या खोलीत जाऊन सगळं कबूल केलं. ई संपल्याचं, आणि संपल्याचा मला आनंद झाल्याचंही. त्यांनी चप्पल पायात सरकवली आणि मला घेऊन छापखान्यात आल्या. मला वाटलं, आता नानांना बोलणार. मी मध्ये पडून म्हणाले की चूक माझी, यांची नाही. पण त्यांनी नानांना एवढंच विचारलं की एका शब्दाची दोन रूपं कशी चालतील, असं तुमच्या मनात नाही आलं?

नानांनी हातातली स्टिक खाली ठेवली. "त्यामा काय शे, बाई? घरमा मी शिकनू म्हनस, तुम्हना म्होरे शिकलो म्हनस. शिकेल तर एकच शे ना?"

मोठ्या बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. दहा वर्षं त्या मुलींच्या वहीतलं अहिराणी 'शिकनू' लाल शाईनं खोडत आल्या होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज कधीच वर न जाणाऱ्या त्या बाई खिळ्यांच्या केसेला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मी व नाना एकमेकांकडे बघत आधी घाबरलो आणि मग त्यात सामील झालो.

पाहुण्यांना मात्र विद्वान करणं भाग होतं. आता पानं सोडवून ई परत आले होते. नानांनी learned हा शब्द ओळीनं जुळवून दोन ताव छापून दिले. पुढचे दोन दिवस मधल्या सुट्टीत दहावीच्या मुली, शिवणाच्या बाई, मी आणि मोठ्या बाई असं सगळ्या मिळून कात्री आणि खळ घेऊन शाळेच्या ओट्यावर बसलो. शब्द कापायचा, बोटावर घ्यायचा, पाहुण्यांवर चिकटवायचा. वारा सुटला की learned अंगणभर उडायचे आणि मुली त्यांच्यामागे धावायच्या. एकीच्या वेणीत दिवसभर एक learned राहिला, तिला कोणी सांगितलं नाही. निबंधातल्या टीला मात्र मोठ्या बाईंनी हात लावू दिला नाही. ते बरोबरच आहे, म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी त्यांनी मला आठवीवर दोन्ही रूपं शिकवायला सांगितली, आणि स्वतः येऊन मागच्या बाकावर बसल्या. मी फळ्यावर जोड्या लिहिल्या. क्रियापदाला दोन्ही चालतात, पण एका निबंधात एकच धरून चाला. विद्वान माणूस मात्र नेहमी लर्नेड, त्याच्याशी खेळ नको. मुली एका सुरात म्हणू लागल्या. dreamt वर आल्यावर मी मागच्या बाकापासून सुरुवात करायला सांगितलं. मोठ्या बाई उभ्या राहिल्या आणि ठामपणे म्हणाल्या, "ड्रीम्ट."

"ड्रेम्ट, बाई," सगळा वर्ग म्हणाला.

त्यांनी चष्मा वर सरकवला, ड्रेम्ट म्हटलं, आणि खाली बसल्या.